प्रोसेस झालेलं पेमेंट नेमकं कुठं थांबतं : बिलांच्या पाठपुराव्यातून आलेले अनुभवाचे बोल

भूम, वाशी आणि परंडा भागात पवनचक्क्यांची कामं सुरू झाली, तशी आमच्यासारख्या मातीकाम करणाऱ्यांना कामं मिळू लागली. पाया खोदायचा, क्रेन जाईल एवढा रुंद रस्ता करायचा, मुरूम टाकून दाबायचा. काम माळरानावर, पण बिल पास होतं पुण्याच्या नाहीतर त्याहून लांबच्या कार्यालयात. तिथल्या अकाउंट्सवाल्यांशी आपली भेट कधी होत नाही. फक्त फोन असतो आणि पोर्टलवर दिसणारी एक ओळ असते : पेमेंट प्रोसेस्ड. इकडे डिझेलची उधारी, ऑपरेटरांचे पगार आणि जेसीबीचा हप्ता ठरल्या तारखेला दारात उभा.

बरीच वर्षं हा पाठपुरावा करताना एक गोष्ट मला पक्की कळली. ‘पैसे कधी येतील’ या प्रश्नाला अकाउंट्समधून कायम ‘येतील’ असंच उत्तर मिळतं. प्रश्न असा हवा, की उत्तर देण्यासाठी समोरच्याला स्वतःच्या कंपनीचं बँक स्टेटमेंट उघडावंच लागेल. असे प्रश्न कोणते आणि ते का विचारायचे, ते पुढे क्रमानं सांगतो.

१. आधी टप्पे समजून घ्या

मोठ्या कंपनीत आपलं बिल चार टप्प्यांतून जातं. पहिल्या टप्प्यात बिलाची नोंद होते, साइटची मंजुरी लागते आणि पेमेंट व्हाउचर तयार होतं. व्हाउचर तयार झालं की त्यांच्या खतावणीत आपली बाकी शून्य होते आणि पोर्टलवर ‘प्रोसेस्ड’ उमटतं. या घडीला बँकेला अजून काहीच माहीत नसतं.

दुसऱ्या टप्प्यात अशा अनेक व्हाउचरांची एक फाईल बनते आणि ती बँकेच्या कॉर्पोरेट साइटवर चढवली जाते. चढवणारा एक असतो आणि मंजुरी देणारा दुसरा असतो. रक्कम मोठी असेल तर मंजुरी देणारे दोघं लागतात. मंजुरी देणारे साहेब रजेवर असले, किंवा त्या दिवशी कंपनीच्या खात्यात शिल्लक कमी पडली, की फाईल तिथंच बसून राहते. तिसऱ्या टप्प्यात बँक कंपनीच्या खात्यातून रक्कम वजा करते, आणि तेव्हाच यूटीआर नंबर तयार होतो. चौथ्या टप्प्यात आपली बँक ती रक्कम आपल्या खात्यात जमा करते किंवा परत पाठवते.

‘आमच्याकडून झालंय’ असं अकाउंट्समधला माणूस म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या पडद्यावर पहिला टप्पा पूर्ण झालेला दिसतो, आणि उरलेले तीन त्याला बहुतेक वेळा दिसतच नाहीत. म्हणून त्याच्यावर चिडून काही हाती लागत नाही. त्याला पुढच्या टप्प्यापर्यंत न्यावं लागतं.

२. यूटीआर मागा, आणि मिळालेला नंबर यूटीआरच आहे ना ते तपासा

यूटीआर म्हणजे बँकेनं त्या एका व्यवहाराला दिलेला नंबर. तो असेल तर पैसे कंपनीच्या खात्यातून निघाले आहेत. नसेल तर ते अजून कंपनीतच आहेत, पोर्टल काहीही म्हणो. एवढ्या एका प्रश्नानं पहिले दोन टप्पे आणि शेवटचे दोन टप्पे वेगळे होतात.

पण यूटीआर मागितला की कित्येकदा दुसराच नंबर येतो : व्हाउचर नंबर, बॅच नंबर किंवा पेमेंट ॲडव्हाइसवरचा डॉक्युमेंट नंबर. ते कंपनीच्या सॉफ्टवेअरचे नंबर असतात आणि आपल्या बँकेला त्यांचा काही उपयोग नसतो. ओळखायची साधी खूण म्हणजे लांबी. नेफ्टचा यूटीआर 16 अक्षर-अंकांचा असतो आणि आरटीजीएसचा 22. आयएमपीएसचा संदर्भ क्रमांक 12 आकडी असतो. दहा आकडी नंबर आला तर मी लगेच म्हणतो, ‘साहेब, हा तुमचा व्हाउचर नंबर दिसतोय. बँकेचा यूटीआर लागेल, स्टेटमेंटमध्ये असेल.’

हा नंबर तोंडी घेऊ नये. 16 अक्षरांत ओ आणि शून्य यांची गल्लत सहज होते, आणि चुकीच्या नंबरावर आपली शाखा ‘असा व्यवहार नाही’ म्हणून मोकळी होते. मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून मागा, म्हणजे जसाच्या तसा पुढे देता येतो.

३. बँकेला दिवस लागत नाहीत, तास लागतात

‘बँकेकडून दोन-तीन दिवस लागतात’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे. नेफ्ट दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये चालतं, दिवसाला 48 बॅच. 16 डिसेंबर 2019 पासून ते रात्रंदिवस, रविवारी आणि सणासुदीलाही सुरू असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बॅच झाल्यावर दोन तासांत रक्कम आपल्या खात्यात जमा व्हायला हवी. जमा करता येत नसेल तर तेवढ्याच वेळात ती परत पाठवायला हवी. दोन लाख आणि त्यावरच्या रकमेसाठी आरटीजीएस आहे. तेही 14 डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालतं, आणि त्यात साधारण अर्ध्या तासात रक्कम जमा होणं अपेक्षित असतं.

याचा अर्थ सरळ आहे. काल सकाळी यूटीआर तयार झाला असेल आणि आज दुपारपर्यंत खात्यात काही नसेल, तर पैसे ‘वाटेत’ नाहीत. ते परत गेले आहेत, दुसऱ्या खात्यात गेले आहेत, किंवा आपल्या बँकेत काही कारणानं अडले आहेत. उलट यूटीआरच नसेल, तर उशीर बँकेचा नाही, कंपनीच्या आतला आहे. रविवार, दिवाळी किंवा मार्चअखेर यांमुळे खोळंबते ती फाईलवरची मंजुरी. नेफ्ट खोळंबत नाही.

४. खात्याचे शेवटचे चार अंक त्यांच्या तोंडून ऐका

हा धडा मला एका बिलानं दिला. वाशी तालुक्यातल्या एका साइटवरचं रस्त्याचं काम होतं. ‘प्रोसेस्ड’ दिसून आठवडा उलटला होता आणि यूटीआरही मिळाला होता. फोनवर मी विचारलं, ‘मॅडम, ज्या खात्यावर पैसे पाठवलेत त्याचे शेवटचे चार अंक सांगता का?’

‘तुमचंच खातं आहे हो, व्हेंडर मास्टरमध्ये जे आहे तेच.’

‘बरोबर आहे, पण एकदा वाचून दाखवा.’

त्यांनी वाचलं, ‘चार, एक, दोन, शून्य.’ माझ्या खात्याचा शेवट सातनं होतो.

कारण नंतर कळलं. माझा खाते क्रमांक 16 आकडी आहे. मी दिलेल्या रद्द केलेल्या चेकवर तो बरोबर छापलेला होता. पण सगळ्या ठेकेदारांची माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना ती एक्सेलच्या तक्त्यात भरली गेली होती. एक्सेल आकड्याचे फक्त पहिले 15 अंक नेमके ठेवतं आणि त्यापुढच्या अंकाचं शून्य करतं. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ ठरवला नसेल तर हे गुपचूप होतं, काही सूचना येत नाही. ज्यांचा खाते क्रमांक शून्यानं सुरू होतो, त्यांचं पहिलं शून्यही असंच गळतं. तेव्हा 16 किंवा जास्त अंकी खातं असेल, किंवा नंबर शून्यानं सुरू होत असेल, तर हे आधी तपासा.

खाते क्रमांकाला इतकं महत्त्व देण्याचं कारण आहे. नेफ्ट आणि आरटीजीएसमध्ये रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावर. नाव जुळतं का हे पाहून ती जमा केली जात नाही. तसा चुकीचा नंबर अस्तित्वातच नसेल तर पैसे परत जातात. असेल तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात पडतात. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पाहण्याची सोय बँकांनी 1 एप्रिल 2025 पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं. पण एका फाईलमध्ये शेकडो पेमेंट जातात, तेव्हा प्रत्येक नाव कुणी डोळ्यांनी पाहिलं असेलच असं धरून चालू नये.

आमच्याकडे आणखी एक शंका नेहमी निघते. 2023 साली जिल्ह्याचं अधिकृत नाव धाराशिव झालं, पण अनेकांच्या पासबुकावर आणि जुन्या बिलांवर अजून उस्मानाबाद आहे. ‘पत्ता जुळत नाही म्हणून पैसे अडले असतील’ असं एखादा सांगतो. शाखेच्या किंवा जिल्ह्याच्या नावावरून नेफ्ट अडत नाही. व्हेंडरची नोंद करताना कंपनी त्यावर हरकत घेऊ शकते, पण ती पहिल्या टप्प्याआधीची गोष्ट झाली. यूटीआर तयार झाल्यावर पाहायचा तो खाते क्रमांक आणि 11 अक्षरी आयएफएससी. बँकांचं विलीनीकरण झालं तेव्हा अनेक जुने आयएफएससी बंद झाले. आपली बँक त्यात होती का, हे मात्र जरूर पाहा.

५. परत गेलेले पैसे त्यांच्या खतावणीत दिसत नाहीत

याच बिलाचा पुढचा भाग जास्त शिकवणारा आहे. शेवटचा अंक चुकला हे कळल्यावर मी विचारलं, ‘मग पैसे परत आले असतील ना?’ उत्तर आलं, ‘आमच्या लेजरला तुमची बाकी शून्य आहे.’

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. पैसे त्याच दिवशी कंपनीच्या बँक खात्यात परत जमा झाले होते. पण खतावणी बँकेकडे पाहून आपोआप बदलत नाही. परत आलेली रक्कम बँक स्टेटमेंटमध्ये एक जमा म्हणून पडून राहते. बँक ताळमेळ करणारा माणूस ती ओळखतो, जुनं पेमेंट उलटवतो, आणि तेव्हा कुठं आपली बाकी पुन्हा दिसू लागते. हा ताळमेळ काही ठिकाणी रोज होतो, काही ठिकाणी महिन्याच्या शेवटी. शिवाय तो करणारा माणूस आणि आपला फोन उचलणारा माणूस बहुधा वेगवेगळे असतात.

म्हणून इथं मागणी नेमकी हवी. मी लिहिलं : ‘या यूटीआरची रक्कम परत आली आहे का, ते त्या तारखेच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या बँक स्टेटमेंटमधल्या जमा बाजूला पाहावं. आली असेल तर जुनं पेमेंट रिव्हर्स करावं, खाते क्रमांक चेकवरून दुरुस्त करावा आणि नवं पेमेंट काढावं.’ या तिन्ही गोष्टी लागतात. फक्त ‘पुन्हा पाठवा’ म्हटलं तर दोन अडचणी येतात. लेजरला बाकी नसल्यामुळे सॉफ्टवेअर नवं पेमेंट काढू देत नाही. काढलंच, तर ते जुन्याच चुकीच्या खात्यावर जाऊन पुन्हा परत येतं.

नव्या खात्यावर किंवा दुरुस्त क्रमांकावर मोठी रक्कम पाठवण्याआधी एक रुपया पाठवून पाहायला सांगा. तो जमा झाल्याचा स्क्रीनशॉट आपण दिला की दोघांचाही जीव भांड्यात पडतो.

६. पासबुकात बिलाची रक्कम शोधू नका

‘आलेच नाहीत’ असं सांगण्याआधी एक तपासणी स्वतःच्या बाजूनं करावी लागते, कारण बिलाचा आकडा आणि खात्यात पडणारा आकडा सहसा सारखा नसतो. याच बिलाचं उदाहरण घेऊ. काम 2,40,000 रुपयांचं. त्यावर 18 टक्के जीएसटी 43,200, म्हणजे बिल 2,83,200 रुपयांचं. कंत्राटी कामावर माझ्यासारख्या व्यक्तीचा टीडीएस 1 टक्का कापला जातो, आणि जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर तो मूळ रकमेवरच, म्हणून 2,400. करारात 5 टक्के रिटेन्शन होतं, म्हणजे 12,000. उरले 2,68,800. पासबुकात 2,83,200 शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाहीत.

आणखी दोन प्रकार आहेत. काही कंपन्या जीएसटीचा भाग मागे ठेवतात. आपण जीएसटीआर-1 भरल्यावर बिल त्यांच्या जीएसटीआर-2बी मध्ये दिसलं, की मग तो सोडतात. महिन्याचं विवरण भरणाऱ्यांसाठी मुदत पुढच्या महिन्याची 11 तारीख, आणि 2बी तयार होतं 14 तारखेला. म्हणजे आपलं विवरण राहिलं तर त्यांचं सोडणंही राहतं. दुसरा प्रकार म्हणजे दोन-तीन बिलं एकत्र करून, एखादी डेबिट नोट वजा करून, एकच रक्कम पाठवणं. म्हणून यूटीआरबरोबर पेमेंट ॲडव्हाइस मागावा. कोणत्या बिलाचे किती आणि कपात कशाची, हे त्यात लिहिलेलं असतं. मग पासबुकात रकमेऐवजी यूटीआर आणि तारीख यावरून शोधा.

७. योग्य माणसाला, एकाच मेलमध्ये, सगळं विचारा

साइट इंजिनियर आपल्या ओळखीचा असतो, म्हणून आपण आधी त्याला फोन लावतो. त्याचं काम मोजमाप आणि मंजुरीपर्यंत. ‘प्रोसेस्ड’ झाल्यावर त्याला काहीच दिसत नाही. तो भल्या मनानं ‘बघतो’ म्हणतो आणि आपले दिवस जातात. मेल पेमेंट करणाऱ्या विभागाला करावा, प्रत साइटला ठेवावी आणि त्यानंतर फोन करावा. मी पाठवतो तो मजकूर साधारण असा असतो :

‘नमस्कार. बिल क्रमांक अमुक, दिनांक अमुक, निव्वळ रक्कम 2,68,800 रुपये. पोर्टलवर अमुक तारखेला प्रोसेस्ड दिसत आहे. आजच्या तारखेपर्यंतचं माझं बँक स्टेटमेंट तपासलं, त्यात ही रक्कम नाही. उतारा जोडला आहे. कृपया कळवावं : 1) बँकेचा यूटीआर आणि रक्कम वजा झाल्याची तारीख; 2) पाठवलेली रक्कम आणि पेमेंट ॲडव्हाइस; 3) ज्या खात्यावर पाठवली त्याचे शेवटचे चार अंक आणि आयएफएससी; 4) ही रक्कम परत जमा झाली आहे का. यूटीआर अजून तयार झाला नसेल तर फाईल कोणाच्या मंजुरीसाठी थांबली आहे तेवढं सांगावं.’

चार प्रश्नांना चार उत्तरं आली, की पैसे कोणत्या टप्प्यावर आहेत हे फोन न करताही कळतं. उत्तर आलं नाही तर हाच मेल फायनान्सच्या वरिष्ठांना पुढे पाठवता येतो, नव्यानं कहाणी सांगावी लागत नाही. स्टेटमेंटचा उतारा जोडताना फक्त लागणाऱ्या तारखा ठेवा आणि बाकीचे व्यवहार झाका.

८. बँकेत कधी जायचं आणि कायदा कधी काढायचा

यूटीआर बरोबर, खाते क्रमांक बरोबर, रक्कम परत गेलेली नाही, आणि तरी खात्यात नाही, असं झालं तरच आपल्या शाखेत जावं. यूटीआर लिहून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. आपल्या बँकेनं जमा करायला उशीर केला असेल, तर रेपो दर अधिक 2 टक्के या दरानं व्याज देण्याचा नियम आहे. बँकेनं 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. मात्र कंपनीच्या बँकेकडे आपण थेट विचारणा करू शकत नाही, कारण तिची ग्राहक कंपनी आहे. तिथली चौकशी कंपनीलाच करायला लावावी लागते.

त्यांनी सांगितलेले चार अंक पूर्ण अनोळखी निघाले, आणि ‘तुमच्याच मेलवरून खातं बदलायची सूचना आली होती’ असं ते म्हणाले, तर तो घोटाळा समजावा. त्याच क्षणी कंपनीला तिच्या बँकेला कळवायला सांगावं आणि 1930 वर तक्रार नोंदवायला लावावी. अशा वेळी पहिले काही तास महत्त्वाचे असतात, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते.

आणि शेवटी 45 दिवस. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करारानं ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं, असं 2006 चा कायदा सांगतो. करार नसेल तर मुदत 15 दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ, व्याज लागतं. 2024-25 या करनिर्धारण वर्षापासून तर अशी मुदतीबाहेर थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय कंपनीला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. परत आलेलं पेमेंट म्हणजे प्रत्यक्ष दिलेलं पेमेंट नव्हे. मार्चमध्ये हे एक वाक्य मेलच्या शेवटी नम्रपणे लिहिलं, की ताळमेळ करणाऱ्या माणसापर्यंत तो मेल पोचतो. मी ते पहिल्या मेलमध्ये लिहीत नाही. आधी चार प्रश्न विचारतो, कारण बहुतेक वेळा अडचण पैसे न देण्याची नसते, एका चुकलेल्या अंकाची किंवा एका राहिलेल्या मंजुरीची असते. ती नेमकी दाखवून दिली, की पुण्यातल्या त्याच मॅडम संध्याकाळपर्यंत नवा यूटीआर पाठवतात.